सेवापूर्ती समारंभातील जोडीदाराचे मनोगत (कोल्हापूर)

निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पत्नीने किंवा पतीने कुटुंबाच्या वतीने केलेल्या छोट्या भाषणाला कोल्हापूर परिसरात ‘मनोगत’ म्हणतात. फेटा, शाल, श्रीफळ देऊन सपत्नीक सत्कार होतो, मानपत्राचे वाचन आणि सहकाऱ्यांची भाषणे होतात, आणि मग सत्कारमूर्ती सत्काराला उत्तर देण्यापूर्वी हे मनोगत येते. त्याला तीन-चार मिनिटे पुरतात. नेमणुका, बदल्या आणि पुरस्कार तोवर सांगून झालेले असतात. ते पुन्हा सांगितले, तर घरच्या माणसालाच ठाऊक असलेली गोष्ट सांगायची राहून जाते.

उदाहरणार्थ, कुटुंब कोल्हापुरात आणि शाळा गगनबावडा तालुक्यात, अशा प्राथमिक शिक्षकाच्या पत्नीचे मनोगत घेऊ. पावसाळ्यात मांडुकलीजवळ कोल्हापूर-गगनबावडा रस्त्यावर पाणी आले की वाहतूक बंद पडते. अशाच एका जुलैत शिक्षक शाळेच्या गावीच अडकले आणि इकडे त्यांच्या वडिलांना रात्री दवाखान्यात न्यावे लागले. ती म्हणते, “फोनवर ह्यांना काही कळवलं नाही. कळवून हे येऊ शकले नसते, नुसता जिवाला घोर लागला असता. भावजींनी रिक्षा आणली, शेजारच्या काकू मुलांजवळ झोपल्या. मामंजी घरी आले तेव्हा सांगितलं.” इथे तिने नवऱ्याची स्तुती केलेली नाही आणि तक्रारही केलेली नाही. तरीही त्या नोकरीमागे कोण उभे होते, हे सभागृहाला कळते. दीर आणि शेजारीण यांचे ऋणही याच ओघात मान्य होते. आभारांची लांब यादी वाचली, तर हे साधत नाही, शिवाय एखादे नाव सुटून नातेवाईक दुखावतात.

सर्वांत अवघड भाग म्हणजे सल. बदली अडली, रजा मिळाली नाही, हे सांगताना कार्यालयावर ठपका आला की समोरचे सहकारी अवघडतात आणि सत्कारमूर्तीला उत्तरात सारवासारव करावी लागते. म्हणून घराने काय केले, तेवढेच सांगावे.

भाषेबाबत नवशिक्यांची एक अडचण होते. कोल्हापूरकडच्या अनेक बायका घरी ‘मी आलो, मी गेलो’ असे बोलतात. माईकसमोर कागदावरचे ‘गेले’ वाचताना त्या अडखळतात. घरच्या बोलीत बोलले तर आवाज स्थिर राहतो, आणि ऐकणाऱ्यांनाही ते आपलेच वाटते. पतीचे नाव न घेता ‘हे’ म्हणण्याची रीत व्यासपीठावरही चालते. पत्नी निवृत्त होत असेल, तेव्हा पती बहुधा ‘मॅडम’ म्हणून सुरुवात करतो. पण तिच्या ड्युटीच्या वेळी डबे कोणी भरले, हे त्यानेही सांगायला हवे, आणि ते फारच कमी वेळा सांगितले जाते.

कंठ दाटला तर थांबावे, पाणी प्यावे. शेवटचे वाक्य मात्र पाठ असावे. वरच्या उदाहरणातली पत्नी म्हणते, “आता पावसाळ्यात हे घरी असतील,” आणि माईक नवऱ्याकडे देते.