पासवर्ड साठवण : सॉल्ट आणि संथ हॅश

वापरकर्त्याचा पासवर्ड स्वतःजवळ न ठेवता, पुढच्या वेळी त्याने दिलेला पासवर्ड बरोबर आहे की नाही एवढेच ठरवता येईल अशी खूण जपून ठेवण्याची पद्धत. ही खूण तयार करताना तीन गोष्टी लागतात : उलटा न फिरवता येणारा हॅश, प्रत्येक खात्यासाठी वेगळा असा यादृच्छिक सॉल्ट, आणि मुद्दाम वेळखाऊ केलेली आकडेमोड. डेटाबेस एक ना एक दिवस चोरीला जाणारच, असे गृहीत धरून ही रचना केलेली असते. चोरी रोखणे हा वेगळा विषय आहे. चोराच्या हाती पडलेली फाइल त्याला किती उपयोगी पडेल, हा इथला प्रश्न.

जसाच्या तसा पासवर्ड

डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या कंपनीच्या डेटाबेसमधून सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. ते साध्या मजकुरात होते, त्यामुळे फोडण्यासारखे काही उरलेच नव्हते. एकाच ईमेलला अनेक ठिकाणी एकच पासवर्ड लावायची लोकांची सवय असल्याने, अशी यादी मिळाली की तीच जोडी दुसऱ्या सेवांवर लावून पाहिली जाते. रॉकयूच्या पासवर्डांपासून बनलेली `rockyou.txt` ही फाइल आजही पासवर्ड फोडणाऱ्यांची पहिली यादी असते.

पासवर्ड कूटबद्ध करून ठेवणे हाही उपाय नव्हे. कूटबद्ध केलेले किल्लीने उघडते, आणि किल्ली त्याच सर्व्हरच्या आसपास कुठेतरी असते. २०१३ मध्ये अडोबीकडून गळलेले पासवर्ड कूटबद्धच होते, पण एकसारख्या पासवर्डांचे रूपही एकसारखेच निघत होते आणि शेजारी लोकांनी स्वतः लिहिलेल्या आठवणीच्या खुणा साध्या मजकुरात होत्या. किल्ली न मिळताही असंख्य पासवर्ड शब्दकोड्यासारखे सुटले.

वेगवान हॅशचा धोका

हॅश हे एकाच दिशेने चालणारे गणित. `123456` ला एमडी५ लावला की नेहमी `e10adc3949ba59abbe56e057f20f883e` हेच मिळते, आणि या उत्तरावरून मूळ आकडे काढायचे सूत्र नाही. पण चोराला सूत्र लागतच नाही. तो अंदाज करतो, अंदाजाचा हॅश काढतो आणि चोरलेल्या हॅशशी जुळवून बघतो. त्यामुळे खरा प्रश्न एकच उरतो : एका सेकंदात किती अंदाज?

एमडी५, शा-१, शा-२५६ हे हॅश मोठ्या फाइली झपाट्याने तपासता याव्यात म्हणून बनवले गेले. तिथे वेग हा गुण, इथे तोच दोष. खेळांसाठी दुकानात मिळणारे आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे ५,००० कोटी शा-१ हॅश काढते. आठ इंग्रजी लहान अक्षरांचे सगळे मिळून २०,८८२ कोटी पासवर्ड होतात, म्हणजे ते सगळे संपवायला चार-पाच सेकंद पुरतात. एमडी५ असेल तर दीडही लागत नाही.

जून २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख शा-१ हॅश उघड झाले आणि त्यांना सॉल्ट नव्हता. २०१६ मध्ये कळले की त्याच चोरीत ११ कोटींहून अधिक खात्यांचे ईमेल आणि हॅश गेले होते. सॉल्ट नसल्याचा परिणाम असा की एका अंदाजाचा हॅश एकदाच काढायचा आणि तो सगळ्या खात्यांशी एकदमच ताडून पाहायचा. ज्या हजारो लोकांनी तोच पासवर्ड ठेवला आहे ते सगळे एका फटक्यात सापडतात. सामान्य पासवर्डांचे हॅश आधीच काढून ठेवलेल्या तयार याद्याही थेट लावता येतात.

सॉल्ट काय करतो, काय करत नाही

सॉल्ट म्हणजे खाते उघडताना किंवा पासवर्ड बदलताना निर्माण केलेले यादृच्छिक बाइट, साधारणपणे १६. ते पासवर्डात मिसळून हॅश काढतात आणि सॉल्ट हॅशच्या शेजारीच, उघडा ठेवतात. तो गुपित नसतो. दोन खात्यांत तो वेगळा असला की काम भागते : एकच पासवर्ड असला तरी हॅश वेगळे येतात, तयार याद्या निरुपयोगी होतात, आणि चोराला प्रत्येक अंदाज प्रत्येक खात्यासाठी नव्याने मोजावा लागतो. कल्पना जुनी आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्सची पासवर्डव्यवस्था मांडली, तिच्यात १२ बिटांचा सॉल्ट होता आणि आकडेमोड मुद्दाम लांबवलेलीही होती.

सगळ्या खात्यांना एकच सॉल्ट लावला तर त्याने फक्त बाहेरच्या तयार याद्या अडतात. फाइलमधल्या सगळ्यांवर एकदम हल्ला करायला चोर मोकळाच राहतो. आणि सॉल्ट कितीही चांगला असला तरी एका ठरावीक खात्याच्या मागे लागलेल्या चोराला तो अजिबात थांबवत नाही. शा-१ ला सॉल्ट लावला म्हणून त्या खात्याचे चार-पाच सेकंद सहा होत नाहीत. तिथे लागतो संथपणा.

संथ हॅश

नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड मॅझिएर यांनी १९९९ मध्ये मांडलेला बीक्रिप्ट हा आजही सर्वांत जास्त आढळणारा संथ हॅश. `abc123xyz` या पासवर्डाची साठवलेली खूण अशी दिसते :

```
$2a$12$R9h/cIPz0gi.URNNX3kh2OPST9/PgBkqquzi.Ss7KIUgO2t0jWMUW
```

`2a` ही आवृत्ती आणि `12` हा खर्चांक. त्यानंतरची २२ अक्षरे म्हणजे सॉल्ट, उरलेली ३१ म्हणजे हॅश. तपासायला लागणारे सगळे याच ६० अक्षरांत असल्याने सॉल्टसाठी वेगळा रकाना लागत नाही. खर्चांक १२ म्हणजे २ चा १२ वा घात, ४,०९६ फेऱ्या. तो एकाने वाढवला की काम दुप्पट होते, म्हणून यंत्रे वेगवान होतील तसा खर्चांक चढवता येतो.

वर सांगितलेले ग्राफिक्स कार्ड खर्चांक १२ चे बीक्रिप्ट सेकंदाला सुमारे १,४०० एवढेच काढते. आठ लहान अक्षरांचा तोच शोध आता एका खात्यासाठी साडेचार वर्षांच्या पुढे जातो. प्रामाणिक वापरकर्त्याला मात्र लॉगिनच्या वेळी पाव सेकंदाच्या आसपास थांबावे लागते, आणि ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

बीक्रिप्टला प्रत्येक गणनेसाठी ४ किलोबाइट स्मृती सतत चाळावी लागते, आणि ग्राफिक्स कार्डाची अडचण तिथेच होते. २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत निवडला गेलेला आर्गॉन२ हाच धागा पुढे नेतो. त्याच्या आर्गॉन२आयडी या प्रकारासाठी ओवॅस्प ही वेब-सुरक्षेवर काम करणारी संस्था सुचवते ती एक किमान मांडणी १९ मेबीबाइट स्मृती, दोन फेऱ्या आणि एक धागा अशी आहे. १६,३८४ गाभे असलेल्या त्या कार्डाची स्मृती २४ गिगाबाइटच आहे, त्यामुळे एका वेळी जेमतेम १,३०० गणना मावतात. बाकीचे गाभे नुसते बसून राहतात.

अॅशली मॅडिसन : एक आडवाट

ऑगस्ट २०१५ मध्ये अॅशली मॅडिसन या संकेतस्थळाचा डेटाबेस उघड झाला. त्यात सुमारे ३ कोटी ६० लाख पासवर्डांचे बीक्रिप्ट हॅश होते, खर्चांक १२. साठवण उत्तम होती. सुरुवातीला प्रयत्न करणाऱ्यांच्या हाती काही हजारच लागले, आणि तेही बहुतेक `123456` किंवा `password` यांच्यासारखे.

पण डेटाबेसबरोबर संकेतस्थळाचा कोडही बाहेर आला होता. सायनोशुअर प्राइम या गटाने तो वाचला, तेव्हा स्वयंचलित लॉगिनसाठी वापरलेले एक टोकन सापडले. ते असे बनत असे :

```
md5(lc($username) . "::" . lc($pass))
```

वापरकर्त्याचे नाव इथे सॉल्टचेच काम करते, म्हणजे हा सॉल्ट असलेला पण वेगवान हॅश झाला. शिवाय `lc` मुळे पासवर्डातली मोठी अक्षरे लहान होतात, त्यामुळे शोधाचा पसारा आणखी आटतो. गटाने बीक्रिप्टला हात न लावता आधी ही टोकने फोडली. मग सापडलेल्या पासवर्डातली अक्षरे लहान-मोठी करून बीक्रिप्टशी जुळवली. आठ अक्षरांचा शब्द असेल तर अशी जास्तीत जास्त २५६ रूपे होतात आणि तेवढी सेकंदाच्या अंशात तपासून होतात. सुमारे दहा दिवसांत १ कोटी १० लाखांहून अधिक पासवर्ड उघडे पडले. कंपनीने टोकन बनवण्याची रीत मधल्या काळात बदलली होती, पण जुन्या खात्यांची टोकने डेटाबेसमध्ये तशीच राहिली.

म्हणून तपासणी करताना पासवर्डाच्या रकान्यावर थांबून चालत नाही. टोकन, लॉगफाइल, जुने बॅकअप, `remember me` ची कुकी : पासवर्डापासून काढलेली प्रत्येक गोष्ट शोधावी लागते.

वापरताना

स्वतः गणित लिहू नये, भाषेतली तयार सोय वापरावी. पीएचपीत :

```php
$h  = password_hash($pw, PASSWORD_BCRYPT, ['cost' => 12]);
$ok = password_verify($pw, $h);
```

सॉल्ट पहिली ओळ स्वतःच तयार करते. खर्चांक आपल्या सर्व्हरवर मोजून ठरवावा. एका लॉगिनला पाव सेकंद लागत असेल तर एक गाभा सेकंदाला चारच लॉगिन हाताळतो, म्हणून लॉगिनच्या प्रयत्नांवर मर्यादा घातली नाही तर खोट्या लॉगिनांच्या माऱ्याने सर्व्हर आडवा होऊ शकतो.

बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच पाहतो, आणि अनेक अंमलबजावण्या उरलेले मुकाट्याने सोडून देतात. इंग्रजीत ही मर्यादा क्वचितच लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तासह, तीन बाइटांचे असते, म्हणून मराठी वाक्य पासवर्ड म्हणून घेतले तर २४ चिन्हांतच जागा संपते. 'दुसऱ्या' मधला ऱ आणखी फसवा आहे. काही कळफलक तो एकाच संकेतांकाने लिहितात, काही र आणि नुक्ता असा दोन संकेतांकांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे असल्याने हॅश जुळत नाही आणि फोनवर चालणारा पासवर्ड संगणकावर चुकीचा ठरतो. हॅश काढण्याआधी मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात आणला की हे टळते.

जुना डेटाबेस एमडी५ चा असेल तर लोकांच्या लॉगिनची वाट पाहत बसू नये. असलेल्या एमडी५ हॅशनाच बीक्रिप्ट लावून जुना रकाना पुसावा, आणि पुढच्या यशस्वी लॉगिनच्या वेळी, मूळ पासवर्ड क्षणभर हाती असताना, त्याचा थेट बीक्रिप्ट करून घ्यावा. तेच एमडी५ हॅश आधीच कुठे गळलेले असतील तर चोर ते बीक्रिप्टशी ताडून वरचे कवच सोलून काढू शकतो, म्हणून ही अवस्था तात्पुरतीच ठेवावी. जुने बॅकअपही नष्ट करावे लागतात.

संथ हॅशने `123456` वाचत नाही. दहा हजार नेहमीच्या पासवर्डांची यादी खर्चांक १२ ला एका खात्यावर चालवायला त्या एका कार्डाला साधारण सात सेकंद लागतात. ३ कोटी ६० लाख खात्यांवर तीच यादी चालवायला मात्र आठ वर्षे, आणि शंभर कार्डे लावली तर महिनाभर. तेवढ्या महिन्याभरात सेवा चालवणाऱ्यांना गळती कळून सगळे पासवर्ड बदलून घेता येतात.