वेलची चहा (दैनंदिन सेवन)

हिरव्या वेलचीचे (एला) दाणे किंवा सालासकट ठेचलेली बोंडे उकळून केलेले गरम पेय. पुण्यात ते दोन रूपांत आढळते. एक म्हणजे दूध, साखर आणि चहापत्तीचा नेहमीचा चहा, उतरवताना वेलची घातलेला. दुसरे म्हणजे चहापत्ती न घालता केलेले वेलचीचे पाणी. पचन सुधारावे आणि रक्तदाब आटोक्यात राहावा म्हणून दोन्ही रोज घेतले जातात. मात्र या दोन अपेक्षांना सारखाच आधार नाही, आणि पित्ताशयात खडे असतील तर हिशेब आणखी वेगळा होतो.

पेठांतल्या अमृततुल्यात पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर आणि पत्ती एकत्र उकळत असते. शेजारच्या खलबत्त्यात वेलची (बहुतेकदा आल्यासोबत) कुटली जाते आणि ती शेवटी पडते. तिचा सुगंध दाण्यांतल्या उडनशील तेलाचा असतो. मिश्रण उघड्यावर फार वेळ उकळले की हे तेल वाफेबरोबर निघून जाते, म्हणून वेलची शेवटी घालण्याची ही रीत बरोबरच आहे. घरी नुसते वेलचीचे पाणी करायचे तर तीन-चार वेलच्या सालासकट ठेचून कपभर उकळत्या पाण्यात टाकाव्यात, आच बंद करावी आणि झाकण ठेवून सात-आठ मिनिटांनी गाळावे. दाणे काळसर आणि किंचित चिकट असले की वेलची ताजी समजावी. करडे, कोरडे दाणे आणि आधीच दळून ठेवलेली पूड यांत वास थोडाच उरलेला असतो.

वेलचीचे प्रमाण बोलताना नगांत सांगतात, अभ्यासांत ते ग्रॅममध्ये असते. दहा ग्रॅमच्या पुडीत मध्यम आकाराच्या साधारण पन्नास वेलच्या भरतात, म्हणजे एक वेलची सुमारे ०.२ ग्रॅमची. चहाच्या कपात एक किंवा अर्धीच वेलची पडते. औषधी वनस्पतींची तपासणी करणाऱ्या जर्मनीतील ‘कमिशन ई’ या समितीने अपचनाच्या तक्रारींसाठी दिवसाला सरासरी १.५ ग्रॅम मात्रा दिली आहे. म्हणजे सात-आठ वेलच्या. स्वयंपाकातील वापर आणि औषधी वापर यांतले हे अंतर ध्यानात ठेवले की पुढचे बरेचसे गैरसमज टळतात.

पचनाच्या बाबतीत वेलचीची बाजू भक्कम आहे. जेवणानंतरचा तडस, गुबारा आणि ढेकरा यांत तिचा उपयोग आयुर्वेदात जुना आहे, आणि तिच्या तेलाने आतड्याचे स्नायू सैलावतात हे प्राण्यांवरील प्रयोगांतही दिसले आहे. पण हाच गुण काहींना बाधतो. अन्ननलिका आणि जठर यांमधली झडपही स्नायूचीच असते. ती सैल पडली तर छातीत जळजळ वाढू शकते, त्यात उपाशीपोटी कडक चहाची भर पडतेच. ज्यांना आडवे झाल्यावर आंबट पाणी वर येते त्यांनी जेवणानंतर वेलचीचे पाणी थोडेच घेऊन पाहावे. दोन-चार दिवसांत जळजळ वाढली तर हा उपाय त्यांच्यासाठी नाही.

रक्तदाबाबद्दल ज्याचा हमखास दाखला दिला जातो तो अभ्यास उदयपूरचा, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला. सौम्य उच्च रक्तदाब नव्याने आढळलेल्या २० जणांना रोज ३ ग्रॅम वेलची पूड दोन वेळांत विभागून १२ आठवडे दिली गेली आणि त्यांचा रक्तदाब लक्षणीय उतरला. निष्कर्ष आशादायक आहे, पण वीस माणसे म्हणजे फारच थोडी. शिवाय ३ ग्रॅम म्हणजे पंधराएक वेलच्या, आणि त्या पूड करून पोटात गेलेल्या. चहात मात्र चोथा गाळणीतच राहतो.

सदाशिव पेठेतल्या बावन्न वर्षांच्या एका काल्पनिक गृहस्थांचे उदाहरण घेऊ. रक्तदाब १४८/९४, दिवसाला तीन कप चहा, प्रत्येकात एक वेलची आणि दोन चमचे साखर. दिवसाची वेलची झाली ०.६ ग्रॅम, उदयपूरच्या मात्रेच्या पाचव्या हिश्शाइतकी, तीही गाळलेली. साखर मात्र तीस ग्रॅमच्या घरात गेली. चहातले कॅफीन काही काळ रक्तदाब चढवते ते निराळेच. म्हणून कपातल्या वेलचीवर विसंबून गोळी सोडणे किंवा अर्धी करणे चुकीचे ठरते. चहाने फरक पडतो का हे पाहायचेच असेल तर मोजण्याआधी अर्धा तास चहा टाळावा, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा आकडा टिपून डॉक्टरांना दाखवावा. चहा पिऊन लगेच घेतलेल्या एकाच आकड्यावरून काही ठरत नाही. रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील तर औषधी मात्रेत वेलची घेण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण उदयपूरच्या अभ्यासात रक्ताची गुठळी विरघळण्याची क्रियाही वाढलेली आढळली होती.

आता याच गृहस्थांच्या सोनोग्राफीत पित्ताशयात आठ मिलिमीटरचा खडा निघाला असे धरू. त्रास काहीच नाही. असे मुके खडे पुष्कळांत असतात आणि बहुतेकांना कधीच जाणवत नाहीत. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोचले की एक संप्रेरक पाझरते आणि पित्ताशय आकुंचन पावते. अशा वेळी खडा तोंडाशी अडकला तर कळ येते. वेलचीमुळे पित्ताचा प्रवाह वाढतो अशी धारणा आहे आणि त्यातूनच सावधगिरीची सूचना आली. खडे असतील तर वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावी, असे कमिशन ई बजावते. ही सूचना औषधी मात्रेला धरून आहे. भातात किंवा श्रीखंडात चिमूटभर पडणाऱ्या वेलचीची धास्ती घेण्याचे कारण नाही. या गृहस्थांनी नेहमीच्या चहातली एखादी वेलची बंद करण्याची गरज नसते, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज सात-आठ वेलच्यांचे पाणी, पूड किंवा तेलाच्या कॅप्सूल सुरू करू नयेत. तसे पाहता सायीच्या दुधाचा दाट चहा आणि सोबतची भजी यांतली चरबीच पित्ताशयाला अधिक जोराने आकुंचित करते, आणि दोष मात्र बिचाऱ्या वेलचीला मिळतो.

पूर्वी कळ येऊन गेलेल्यांनी किंवा पित्तनलिकेत खडा असल्याचे निदान झालेल्यांनी औषधी मात्रा टाळलेलीच बरी. ही कळ गॅस समजून वेलचीचे पाणी पीत बसणे हा घोटाळा घरोघरी होतो. गॅसचा तडस जागा बदलतो, ढेकर किंवा वारा सरल्यावर हलका होतो. खड्याची कळ उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी उठते, बहुधा तेलकट जेवणानंतर किंवा रात्री. ती उजव्या खांद्यामागे जाते आणि अर्ध्या तासाहून अधिक, कधी कित्येक तास टिकते. कूस बदलून आराम पडत नाही. वरच्या पोटात असेच दुखणे हृदयाचेही असू शकते, म्हणून घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल तर वाट पाहू नये. कळेसोबत थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद किंवा शौच पांढुरके झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. पित्ताशय काढून टाकलेल्यांना त्यातील खड्याची भीती उरत नाही, पण काहींना शस्त्रक्रियेनंतर काही महिने स्निग्ध खाण्याने जुलाब होतात. त्यांनी दुधाचा चहा कमी ठेवून वेलचीचे पाणी एक-दोन वेलच्यांपासून सुरू करावे.