काटा शून्यावर, गिअर झटक्याने, वर इंजिनचा दिवा: तिन्ही एकदम का होतं, त्यामागचा इतिहास

नव्वदच्या दशकातल्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये एक ठरलेलं दुखणं आहे, स्पीडोमीटरचा काटा मरतो, गिअर धाडकन पडायला लागतात आणि थोड्या वेळात इंजिनचा दिवाही लागतो. लोकांना वाटतं गिअरबॉक्स गेला. बऱ्याचदा गेलेला असतो तो अंगठ्याएवढा स्पीड सेन्सर, नाहीतर त्याची वायर. पण एका सेन्सरवर तीन गोष्टी का अवलंबून आहेत हे कळायला थोडं मागे जावं लागतं, कारण आधी तसं नव्हतंच.

ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने 1902 मध्ये चुंबकावर चालणाऱ्या स्पीडोमीटरचं पेटंट घेतलं. गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर एक छोटा गिअर, त्यातून निघालेली लवचिक केबल, केबलच्या टोकाला फिरणारा चुंबक, आणि चुंबकाला न टेकता त्याच्या ओढीने वळणारी ॲल्युमिनियमची वाटी, तिलाच काटा. त्या वाटीला एक स्प्रिंग उलट खेचते म्हणून काटा वेगाप्रमाणे थांबतो. वीज नाही, कॉम्प्युटर नाही. केबल तुटली की काटा मेला, एवढंच, बाकी गाडीला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

गिअरबॉक्सची सोय वेगळी होती. 1940 च्या मॉडेलच्या ओल्डस्मोबीलमध्ये हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक ऑटोमॅटिक त्याच धर्तीवर चालले: आउटपुट शाफ्टला जोडलेला गव्हर्नर, त्याची वजनं वेगाबरोबर बाहेर फेकली जातात आणि तेलाचा दाब वाढतो. हा दाब एका बाजूने आणि ॲक्सिलरेटरशी बांधलेला दाब दुसऱ्या बाजूने व्हॉल्व्हला ढकलतो, वेगाचा दाब जिंकला की वरचा गिअर पडतो. म्हणजे गिअरबॉक्स स्वतःच वेग मोजायचा, तेलाने. स्पीडोमीटर बंद असलेली गाडी लोक वर्षानुवर्षं चालवायचे आणि गिअर मऊ पडायचे.

मधला टप्पा मला सगळ्यात मजेदार वाटतो. 1982 मध्ये जनरल मोटर्सने 700R4 हा चार गिअरचा डबा आणला. गिअर अजून गव्हर्नरच ठरवायचा, पण इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर लॉक कधी करायचा, म्हणजे घसरू न देता थेट कधी जोडायचा, हे इंजिनच्या कॉम्प्युटरकडे गेलं आणि त्यासाठी कॉम्प्युटरला वेग कळणं भाग होतं. त्या काळात जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर स्पीडोमीटरच्या मागेच बसवलेला असायचा. मग केबल तुटली की काटाही मेला आणि सेन्सरही मेला, कन्व्हर्टर लॉक होईना, पेट्रोल थोडं जास्त जायचं, पण गिअर मात्र आपले नीट पडत राहायचे. दोन गोष्टी जोडल्या गेल्या होत्या, तिसरी अजून सुटी होती.

ती तिसरी 1993 मध्ये जोडली गेली. त्याच 700R4 च्या सांगाड्यावर 4L60-E आला, शेवटचा ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक, आणि त्यातला गव्हर्नर काढूनच टाकला. त्याच्या जागी आउटपुट शाफ्टवर 40 दातांची एक रिंग आणि तिच्यासमोर चुंबक आणि तारेचं वेटोळं असलेला सेन्सर. दात समोरून गेला की वेटोळ्यात छोटासा विजेचा झटका येतो, कॉम्प्युटर ते मोजतो. आता स्पीडोमीटर, इंजिन आणि गिअर तिघंही एकाच आकड्यावर जगायला लागले. दुसऱ्या कंपन्याही ऐंशी-नव्वदच्या दशकात कमीअधिक ह्याच वाटेने गेल्या.

जपानी गाड्यांमध्ये तर ह्याचं मापही ठरलेलं होतं. जुनी केबल दर किलोमीटरला 637 वेळा फिरायची, सेन्सर आल्यावर प्रत्येक फेऱ्याला 4 पल्स धरले, म्हणजे किलोमीटरला 2548 पल्स. ताशी 60 किमी म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून सेकंदाला साधारण 42 पल्स. समजा असा 60 ने चाललेला गाडीवाला खड्ड्यातून गेला आणि कनेक्टरची सैल पिन क्षणभर सुटली. कॉम्प्युटरला दिसतं ते असं: इंजिन 2000 आरपीएमवर, ॲक्सिलरेटर दाबलेला, गिअर चौथा, आणि वेग 60 वरून डोळ्याचं पातं लवायच्या आत शून्य. कुठलीही गाडी अशी थांबत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर वेगावर विश्वास ठेवणं बंद करतो.

आणि इथून झटके सुरू होतात. खरा वेग माहीत नसला की गिअर नेमका कोणत्या क्षणी बदलायचा आणि क्लच किती हळू पकडायचा हे त्याला मोजता येत नाही. क्लच घसरून जळण्यापेक्षा जोरात पकडलेला बरा म्हणून तो तेलाचा दाब जास्तीत जास्त करतो. 4L60-E मध्ये दाब ठरवणाऱ्या सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला, करंट नसला की दाब आपोआप सर्वात वर जातो, मुद्दाम तसंच बनवलंय. बरेच डबे शिवाय एखादाच मधला गिअर धरून बसतात. म्हणजे तो धडाका डबा बिघडल्याचा नसून डबा वाचवण्याचा असतो, पण तसं महिनोन्महिने चालवलं तर मात्र खरंच खर्चात पडाल.

दिवा का लागतो हे अमेरिकेतल्या 1996 च्या ओबीडी-दोन नियमाशी जोडलेलं आहे. धूर वाढवू शकेल असा बिघाड इंजिनने स्वतः ओळखून दिवा लावायचा आणि कोड साठवायचा, आणि इंजिनला आयडल सांभाळायला, उतारावर इंधन तोडायला वेग लागतो. म्हणून स्पीड सेन्सरच्या बिघाडाचा P0500 हा कोड आला, सिग्नलच कमी असेल तर P0502, अधूनमधून तुटत असेल तर P0503. बऱ्याच गाड्यांत एकाच फेरीत दिवा लागत नाही, तीच चूक दुसऱ्या फेरीत पुन्हा दिसावी लागते, म्हणून काटा आज मरतो आणि दिवा उद्या लागतो, आणि लोकांना ती दोन दुखणी वाटतात.

ह्या काळातली गाडी असेल तर तपासणी फार सोपी. स्कॅनरवर लाईव्ह डेटा लावून चालवा. काटा शून्यावर पण स्कॅनर 60 दाखवतोय, तर सेन्सर ठीक आहे, मीटर बघा. दोन्ही शून्य, तर सेन्सर, वायर किंवा सेन्सर फिरवणारा प्लास्टिकचा गिअर. हा गिअर विसरू नका, त्याचे दात झिजले असतील तर नवा सेन्सरही मुकाच राहणार. चुंबकवाला सेन्सर बाहेर काढला की त्याच्या टोकावर लोखंडाचा चुरा चिकटलेला दिसतो, बारीक राखाडी लेप असेल तर पुसून परत लावा, पण तुकडे निघाले तर ती गिअरबॉक्सची बातमी आहे, सेन्सरची नाही.

नंतरच्या गाड्यांत हे त्रिकूट पुन्हा फुटलं. एबीएस आल्यावर प्रत्येक चाकाला सेन्सर होताच, त्यामुळे वेगाचा आकडा तिथून घेऊन नेटवर्कवरून सगळ्यांना वाटायला लागले आणि गिअरबॉक्सने स्वतःचे इनपुट-आउटपुट सेन्सर वेगळे ठेवले. म्हणून आज काटा मेला आणि सोबत एबीएसचा दिवा लागला तर चाकापाशी बघायचं, आणि काटा व्यवस्थित चालू असताना गिअर धडकत असतील, P0720 हा कोड येत असेल, तर गिअरबॉक्सच्या आउटपुट सेन्सरपाशी.