नीर डोशाची जाळी आणि अप्पमची जाळी

मंगळुरू-उडुपीकडचा नीर डोसा आणि केरळचा अप्पम, दोन्ही तांदळाचे, पांढरेशुभ्र आणि जाळीदार. म्हणून पीठ एकच आणि भांडं तेवढं वेगळं, असा समज होतो. माझाही होता. एकदा नीर डोशाचं उरलेलं पीठ मी अप्पमच्या खोलगट कढईत ओतून फिरवलं, तर सगळं घसरून तळाशी साचलं आणि कडेला नुसता पांढरा ओघळ राहिला.

नीर म्हणजे तुळू-कन्नडमध्ये पाणी. या पिठात आंबवणं नसतं, जाळी पडते ती निव्वळ वाफेने. कडक तापलेल्या तव्यावर पीठ पडलं की त्यातलं पाणी उसळून बाहेर येतं आणि तिथे भोक राहतं. त्यासाठी पीठ पातळ ताकासारखं हवं: वाटीभर तांदळाला, वाटताना घातलेलं धरून, साधारण अडीच वाट्या पाणी. मालवणी घावन करणाऱ्यांना हे सांगायला नको. पीठ ओतताना चर्र आवाज आला नाही तर तवा थंड आहे, आणि जाळीऐवजी सपाट पापुद्रा मिळेल. पीठ कडेकडून आत ओतायचं, पसरवायचं नाही. तांदूळ खाली बसतो, म्हणून प्रत्येक डोशाआधी तळापासून ढवळायचं. नाहीतर पहिले डोसे फाटतात आणि शेवटचे जाड होतात.

भिजवण्याची खरी परीक्षा इथेच होते, कारण पिठाला धरून ठेवायला दुसरं काहीच नाही. कोलमसारखा तांदूळ चार-पाच तास भिजवून दाणा नखाने दाबून पाहा. मधे टणक कणी लागली तर आणखी तासभर थांबा. मग ओल्या खोबऱ्याबरोबर गंधासारखं मऊ वाटा. रवाळ राहिलं तर डोसा उचलताना तुटतो. झाकण ठेवून मिनिटभर, उलटायचा नाही, रंग येऊ द्यायचा नाही. तो सगळाच मऊ असतो. कुरकुरीत करायला गेलात तर कागद होतो.

कुरकुरीत कड अप्पमची. भिजवणं तेवढंच, पण वाटलेल्या पिठातलं दोन-तीन चमचे पीठ पाण्यात शिजवून त्याची खळ करतात, ती गार झाली की नारळ, चिमूटभर यीस्ट आणि थोडी साखर यांच्यासह उरलेल्या पिठात मिसळून रात्रभर ठेवतात. पूर्वापार यीस्टऐवजी ताडी. आंबताना तयार झालेले बुडबुडे मध्यभागी स्पंज करतात. पीठ डोशाच्या पिठाहून सैल, नीर डोशाहून बरंच दाट असावं. मध्यम आचेवर डावभर ओतून कढई लगेच एकदा फिरवली की बाजूला पातळ थर चिकटतो आणि उरलेलं मधे जमतं. झाकणाखाली मधलं वाफेवर शिजतं, तो थर वाळून सोनेरी होतो. कड जाड आली तर पीठ दोन चमचे पाण्याने सैल करा. बाजूला थर टिकतच नसेल तर पाणी जास्त झालंय. चमचाभर तांदळाचं पीठ मिसळून अर्धा तास थांबा.