सिकलसेलग्रस्त मुलांमधील पक्षाघात आणि ट्रान्सक्रेनियल डॉपलर तपासणी

सिकलसेलचे दोन्ही दोष वारशाने आलेल्या, म्हणजे एसएस प्रकारच्या, मुलांना लहान वयातच पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. प्रतिबंधक उपचार सुरू होण्यापूर्वीच्या अमेरिकी नोंदींनुसार अशा शंभरांपैकी सुमारे अकरा जणांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत झटका येऊन गेलेला असे. मुलांमध्ये हा धोका दोन ते पाच वर्षांच्या वयात सर्वाधिक असतो. वाहक, म्हणजे एएस, मुले या धोक्याच्या गटात मोडत नाहीत.

झटक्याचे मूळ मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या धमन्यांत असते. मानेतून वर येणारी अंतर्गत कॅरोटिड धमनी कवटीत जिथे संपते तो भाग आणि तिथून निघणारी मधली मेंदू-धमनी यांचे अस्तर विळ्याच्या आकाराच्या, चिकट पेशींमुळे वर्षानुवर्षे दुखावत जाते, जाड होते आणि वाट अरुंद होते. अरुंद वाटेतून रक्त अधिक वेगाने धावते. शिवाय रक्त कमी असल्याने मेंदूकडचा प्रवाह आधीच वाढलेला असतो. मूल मात्र या काळात खेळते, शाळेत जाते. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून रक्ताचा वेग मोजणे हाच धोका आधी ओळखण्याचा मार्ग ठरला.

हा वेग मोजणाऱ्या ट्रान्सक्रेनियल डॉपलर तपासणीत कानाच्या वर, कानशिलाच्या पातळ हाडावर जेल लावून अल्ट्रासाउंडचा प्रोब टेकवतात. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, भूल नाही. सरासरी वेग सेकंदाला 170 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर निकाल सामान्य, 170 ते 199 असेल तर सीमेवरचा, आणि 200 किंवा त्याहून अधिक असेल तर धोक्याचा. हे आकडे चित्र न दिसणाऱ्या साध्या डॉपलरचे आहेत. चित्र दाखवणाऱ्या यंत्रावर वेग थोडा कमी येतो, त्यामुळे अहवालात यंत्राचा प्रकार लिहिलेला असणे अत्यावश्यक आहे. तपासणीच्या वेळी मूल जागे आणि शांत हवे. झोपेत वेग वाढतो, रडून जोरजोरात श्वास घेतल्यास घटतो, तापात वाढतो आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर कमी दिसतो. एका बाजूचा वेग फारच कमी येणे किंवा तिथे प्रवाहच न सापडणे हाही दिलासा नव्हे. धमनी जवळजवळ बंद झाल्याचे ते लक्षण असू शकते. दोन ते सोळा वर्षांच्या मुलांची तपासणी वर्षातून एकदा करतात. सीमेवरच्या मुलांना लवकर परत बोलावतात आणि 200 च्या पुढचा आकडा आल्यास तो दुसऱ्या तपासणीने पक्का करतात.

200 चा हा उंबरठा मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट ॲडम्स यांच्या अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या कामातून आला. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्टॉप’ चाचणीत धोक्याचा वेग असलेली 130 मुले होती. नेहमीचे उपचार मिळालेल्या 67 मुलांपैकी 11 जणांना झटका आला, तर नियमित रक्त मिळालेल्या 63 मुलांपैकी एकालाच. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली.

नियमित रक्तामागचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणातून समजेल. समजा, 18 किलो वजनाच्या मुलाचे हिमोग्लोबिन 7.5 आहे आणि त्यातले 85 टक्के सिकल प्रकारचे आहे. किलोमागे 13 मिलिलिटर या हिशेबाने सुमारे 240 मिलिलिटर लाल पेशी चढवल्या, तर सिकलचा वाटा साधारण 58 टक्क्यांवर येतो. लक्ष्य मात्र 30 टक्क्यांखालचे असते, म्हणजे एका बाटलीने काम भागत नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पुन्हा रक्त दिल्यावर मुलाचा अस्थिमज्जा स्वतःच्या पेशी कमी बनवू लागतो, जुन्या सिकल पेशी काही आठवड्यांत मरतात आणि वाटा उतरतो. घाईने खूप रक्त चढवणे धोक्याचे असते, कारण सिकल पेशी अजून भरपूर असताना हिमोग्लोबिन फार वर नेले तर रक्त दाट होते.

याची किंमत लोहाच्या रूपाने मोजावी लागते. वरच्या मुलाला प्रत्येक वेळी अंदाजे 170 मिलिग्रॅम लोह मिळते, तर शरीर दिवसाला सुमारे एकच मिलिग्रॅम बाहेर टाकते. वर्षभरात दोन ग्रॅमहून अधिक साठते, मुख्यतः यकृतात. म्हणून शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासत राहून डेफेरासिरॉक्ससारखे लोह काढणारे औषध द्यावे लागते. परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचाही धोका असतो. त्यासाठी केवळ एबीओ व आरएच डी नव्हे, तर सी, ई आणि केल हे गटही जुळवतात.

वेग पूर्ववत झाला म्हणून रक्त थांबवावे का? 2005 च्या ‘स्टॉप-2’ चाचणीत रक्त थांबवलेल्या 41 मुलांपैकी 14 जणांचा वेग पुन्हा धोक्याच्या पातळीवर गेला आणि दोघांना झटका आला; रक्त चालू ठेवलेल्या 38 पैकी कोणालाही यातले काही झाले नाही. वाट काढली ती 2016 च्या ‘ट्विच’ चाचणीने: किमान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि धमन्या फार बिघडलेल्या नसलेल्या मुलांना हळूहळू हायड्रॉक्सियुरिया या औषधावर आणल्यास वेग तितकाच आटोक्यात राहतो. रक्त एकदम बंद करत नाहीत. औषधाचा पूर्ण डोस बसेपर्यंत दोन्ही सोबत चालतात. ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांना मात्र ही सवलत लागू नाही. त्यांच्यात नियमित रक्तच अधिक विश्वासाचे आहे.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. तिथल्या रुग्णांत गर्भावस्थेत बनणाऱ्या प्रकारच्या हिमोग्लोबिनचे प्रमाण जन्मानंतरही अनेकदा जास्त असते आणि त्यामुळे आजार काहींत सौम्य राहतो, पण सर्वांत नाही. वरचे उंबरठे अमेरिकेतील मुलांवरून ठरले आहेत, हे इथला अहवाल वाचताना लक्षात ठेवावे. गावपातळीवरच्या रक्ततपासणीत एसएस निदान होते; डॉपलरसाठी मात्र प्रशिक्षित हात असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे लागते. अचानक एक बाजू लुळी पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडे बोलणे, आकडी येणे किंवा जबर डोकेदुखी यांपैकी काहीही दिसल्यास डॉपलरची वाट पाहायची नाही. मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि त्याला सिकलसेल आहे हे पोहोचताक्षणी सांगावे.