पंढरपुरातल्या तीन रात्री

गेल्या वर्षी आषाढीनंतर एक काकू माझ्या औषधाच्या दुकानात आल्या. वय अठ्ठावन्न, घर सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला. मिस्टर गेले तेव्हा मन शांत राहावं, झोप लागावी म्हणून डॉक्टरांनी महिनाभरासाठी अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी दिली होती. महिन्याची पाच वर्षं झाली. वारीला जाताना गोळ्यांची पट्टी घरीच राहिली आणि पंढरपुरात तीन रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

"ताई, नुसतं झोपेचं नव्हतं बघा," त्या म्हणाल्या. "हात थरथरायले, छाती धडधडायली. टाळ-मृदंगाचा आवाज कानात खुपायला. चौथ्या दिवशी पोरानं तिथल्याच डॉक्टरकडून एक गोळी मिळवून दिली, तासाभरात सगळं शांत. म्हणजे माझा आजार अजून आहेच की!"

घरच्यांनाही तसंच वाटत होतं. पण काकूंच्या बोलण्यातच उत्तर होतं. जुनी चिंता परत येते ती हळूहळू, दिवसा-आठवड्यांनी, आणि आपल्या जुन्याच रूपात येते. इथे त्रास एक-दोन रात्रींतच सुरू झाला होता. थरथर आणि आवाज सहन न होणं ही त्यांना पूर्वी कधीच नसलेली लक्षणं होती. शिवाय गोळी पोटात जाताच ती तासाभरात विरली. एवढ्या खुणा एकत्र दिसल्या, की संशय आधी गोळी अचानक तुटण्यावर घ्यायचा.

हे का होतं? मेंदूत पेशींना शांत करणारा एक रासायनिक निरोप्या असतो, त्याचं नाव गाबा. तो पेशीवरच्या आपल्या कुलपात बसला की एक बारीक दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी थंडावते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन कुळातली औषधं. ती स्वतः दार उघडत नाहीत. गाबा आला की दार जास्त वेळा उघडेल, एवढंच त्या कुलपाला चिकटून करतात. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची घडण वेगळी आहे, पण तेही त्याच कुलपावर काम करतं.

रोज रात्री बाहेरून अशी मदत मिळू लागली की मेंदू आपला हिशोब बदलतो. कुलपं औषधाला पहिल्यासारखी दाद देत नाहीत, आणि पेशींना चेतवणारी बाजू जोर धरते. म्हणून काही आठवड्यांनी त्याच गोळीने तेवढी गाढ झोप येत नाही. मग एके दिवशी गोळी थांबली, की ब्रेक सैल आणि ॲक्सिलरेटर दाबलेला अशी मेंदूची गत होते. थरथर, धडधड, कान टवकारलेले, झोप नाही. मोठा डोस एकदम तोडला तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं. साधारण अकरा-बारा तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. त्यामुळे त्याचा तुटवडा मेंदूला लगेच जाणवतो.

काकूंना सगळ्यात जास्त लागलं होतं ते शेजारणीचं बोलणं, "तुला गोळीचं व्यसन लागलंय." मी त्यांना सांगितलं की व्यसनात माणूस नशेसाठी औषधामागे धावतो, डोस वाढवत नेतो, नुकसान दिसत असूनही थांबत नाही. त्यांनी पाच वर्षांत एकदाही एकीची दोन केली नव्हती. त्यांचं शरीर गोळीला सरावलं होतं, आणि तसं कुणाचंही सरावेल. हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा स्टुलावर बसल्या.

त्या दिवशी मी गोळी कमी करा असं म्हटलंच नाही. आधी विचारलं: रात्री किती वाजता घेता? पहाटे किती वाजता जाग येते? उठल्यावर पाय लटपटतात का? सोबत खोकल्याचं किंवा दुखण्याचं औषध चालू आहे का? शेवटचा प्रश्न मी कधीच सोडत नाही, कारण ट्रामाडॉल किंवा कोडीन या गोळीसोबत पोटात गेलं तर श्वास मंदावू शकतो, आणि दारूचंही तसंच. काकू एकदा पहाटे न्हाणीघरात पडल्या होत्या. त्याचा गोळीशी काही संबंध असेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

डोस बदलण्याचा अधिकार मला नाही. अल्प्राझोलाम एच-वन यादीतलं औषध आहे. 2014 पासून त्याची प्रत्येक विक्री डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह वेगळ्या रजिस्टरात नोंदवावी लागते. त्याच नोंदी पाहून मी डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: किती काळ, किती डोस, पंढरपुरात काय झालं. रुग्णाला अशी माहिती दिल्याने फरक पडतो हे कॅनडात तपासलंही गेलंय. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात औषध दुकानांमार्फत निवडलेल्या ज्या वृद्धांना माहितीपुस्तिका आणि गोळी कमी करण्याचा तक्ता मिळाला, त्यांतल्या 27 टक्के लोकांनी सहा महिन्यांत गोळी थांबवली. ज्यांना तो मिळाला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण 5 टक्के होतं.

डॉक्टरांनी आधी औषध बदललं. अल्प्राझोलामची छोटी गोळी पाव मिलिग्रॅमची, तिचे तुकडे किती करणार? डायझेपाम शरीरात दिवसेंदिवस रेंगाळतं, त्यामुळे उतार गुळगुळीत होतो, आणि दोन मिलिग्रॅमची गोळी मिळत असल्याने बारीक पायऱ्या करता येतात. अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलामच्या जागी 5 ते 10 मिलिग्रॅम डायझेपाम धरतात. काकूंना दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने 10 वर नेलं. फार म्हाताऱ्या किंवा लिव्हरचा त्रास असलेल्या माणसात हेच रेंगाळणं साचून गुंगी आणतं, तिथे डॉक्टर वेगळा मार्ग घेतात.

सप्टेंबरपासून दर दोन आठवड्यांनी एक मिलिग्रॅम कमी. पाचवर आल्यावर पायरी अर्ध्या मिलिग्रॅमची केली, कारण दहातून एक जाणं आणि पाचातून एक जाणं मेंदूला सारखं नसतं. मी गोळ्या कटरने कापून आठवड्याच्या पाकिटात भरून द्यायची. पाकिटावर तारीख, आणि खाली झोप लागल्याची वेळ लिहायला कोरी जागा.

नोव्हेंबरात एकदा घोळ झाला. दोन रात्री छान झोप लागली म्हणून काकूंनी स्वतःहून एक दिवसाआड गोळी सुरू केली. आठवड्याभरात पुन्हा धडधड. एक रात्र पूर्ण, एक रात्र शून्य असं केलं की मेंदूला रोज नवा धक्का बसतो, म्हणून थोडी पण रोज, हे मी पाकिटावर लाल पेनाने लिहिलं. डॉक्टरांनी डोस वर नेला नाही. त्याच पायरीवर रोजची गोळी सुरू ठेवली आणि दहा दिवसांत त्रास शमला.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरतं, जागरणं होतात. तेव्हा तीन मिलिग्रॅमवर महिनाभर मुक्काम केला. नंतरच्या पायऱ्या तीन-तीन आठवड्यांच्या. मध्येच डॉक्टरांनी झोपेची शिस्त लावून दिली: दुपारी आडवं व्हायचं नाही, झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, आणि काही झालं तरी सकाळी साडेपाचला उठायचं. मे महिन्यातल्या उकाड्यात ही शिस्त काकूंना गोळीपेक्षा जड गेली.

शेवटची पाव गोळी जूनमध्ये संपली. त्यानंतरच्या पहिल्या चार रात्री त्या दोन-दोन वाजेपर्यंत जाग्या होत्या, आणि सकाळी मला फोन करून तेवढंच सांगायच्या. आता साडेअकराच्या सुमारास झोप लागते, मध्यरात्री एकदा जाग येते, पाणी पिऊन पुन्हा लागते. यंदा वारीला निघताना त्या बीपीची गोळी घ्यायला आल्या होत्या.