आरशाचा, बिनआरशाचा की रोलचा? कॅमेऱ्याचा फोटो कसा वाचावा

समजा, भुसावळहून कुणी जुना कॅमेरा विकायला काढला आणि मोबाईलवर त्याचा फोटो पाठवला. काळा कॅमेरा, डोक्यावर कुबड, पुढे जाड लेन्स. खाली ओळ: "डीएसएलआर आहे भाऊ, एकदम चालू." आता हे खरं की नाही, ते फोटोवरूनच ठरवायचं आहे.

बहुतेकांची नजर आधी कुबडावर जाते आणि तिथेच चूक होते. डीएसएलआरमध्ये लेन्समागे तिरका आरसा असतो. तो प्रकाश वर फेकतो आणि कुबडातलं प्रिझम तो डोळ्यापर्यंत आणतं. पण आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यातही कुबड असतं, फक्त त्यात प्रिझमऐवजी इवलासा पडदा बसवलेला असतो. 2021 चा निकॉन झेडएफसी मिररलेस आहे, पण दिसतो 1982 च्या रोलवाल्या एफएम2 सारखा. म्हणून कुबड सोडा आणि लेन्सच्या तोंडाभोवतीच्या कडीवरचे आकडे मोठे करून वाचा.

तिथे नाभीय अंतर मिलिमीटरमध्ये छापलेलं असतं. चित्र जेवढ्या जागेवर उमटवायचं, त्या मानाने हे अंतर ठरतं. रोलवरची चौकट 36 बाय 24 मिमी असते. खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यांत रोलऐवजी चित्र टिपणारा सेन्सर अनेकदा जेमतेम 6 बाय 4.5 मिमी, म्हणजे कर्णाच्या हिशेबाने साडेपाच पटींहून लहान. त्यामुळे तेवढंच दृश्य टिपायला त्याला तितकंच लहान अंतर पुरतं. हतनूर धरणावर पक्षी टिपायला नेतात तशा निकॉन पी900 चं उदाहरण घ्या. दिसायला थेट डीएसएलआर, पण कडीवर 4.3-357 लिहिलेलं असतं. सुरुवातीचा 4.3 हा आकडाच सांगतो की आत लहान सेन्सर आहे आणि ही लेन्स निघत नाही. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांनाही हीच कसोटी लागू पडते. कडीवर पाच-सहाच्या आसपासचा आकडा असेल तर कॅमेरा डिजिटल. 35 किंवा 38 पासून सुरू होत असेल तर बहुधा रोलचा. बहुधा म्हणायचं कारण असं की मोठ्या सेन्सरचे थोडे महागडे छोटे कॅमेरेही आहेत. त्यांच्यावर 23, 28, 35 असे आकडे असतात.

भुसावळच्या कॅमेऱ्यावर 18-55 निघालं. अशी लेन्स डीएसएलआरवरही मिळते आणि मिररलेसवरही, त्यामुळे प्रश्न तसाच राहिला. आता कॅमेरा टेबलावर ठेवून वरून सरळ काढलेला फोटो मागवा.

आरशाला हलायला जागा लागते. म्हणून निकॉनच्या डीएसएलआरमध्ये लेन्स बसते त्या धातूच्या कडीपासून सेन्सरपर्यंत 46.5 मिमी अंतर आहे, कॅननच्या डीएसएलआरमध्ये 44. आरसा काढला की हे अंतर उरतं निकॉन झेडमध्ये 16, सोनीत 18, कॅनन आरएफमध्ये 20. सेन्सर कुठे आहे ते बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माथ्यावर खुणेने दाखवलेलं असतं: छोटा गोल आणि त्याला छेदणारी रेघ. मोजायला पट्टीही फोटोतच सापडते. फ्लॅश सरकवायच्या खाचेची रुंदी बहुतेक कॅमेऱ्यांवर एकच, साधारण 18.6 मिमी.

मोबाईलच्या पडद्यावर पट्टी धरली तर खाच 12 मिमी भरली आणि कडीपासून खुणेपर्यंतचं अंतर 28. म्हणजे खाचेच्या 2.3 पट. मिररलेसमध्ये हे अंतर खाचेएवढंच, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे. डीएसएलआरमध्ये ते अडीच पटींच्या आसपास जातं. इथे ते थोडं कमी आलं, कारण खाच कुबडावर असते. ती मोबाईलला जवळ पडते आणि जरा मोठी दिसते. फोटो हातभर लांबून, दुप्पट झूम करून काढला तर हा फरक कमी होतो. आणखी एक फसगत म्हणजे मिररलेसवर जुनी लेन्स लावायला घातलेला अडॅप्टर. ती अडीच-तीन सेंटीमीटरची नळी कॅमेऱ्याचाच भाग वाटते. म्हणून मोजताना लेन्स काढायच्या बटणाजवळची, कॅमेऱ्याच्या अंगाची कडी धरा.

आरसा आहे हे ठरलं, पण रोलच्या एसएलआरमध्येही आरसा असतोच. निकॉनचं 46.5 मिमी अंतर तर 1959 पासूनचं आहे. जुना रोलचा कॅमेरा असेल तर वर उजवीकडे रोल पुढे सरकवायचा खटका आणि डावीकडे तो परत गुंडाळायची घडीची मूठ दिसते. मात्र नव्वदच्या दशकातल्या मोटरवाल्या कॅमेऱ्यांत दोन्ही नसतात. माथ्यावर आकड्यांची छोटी काच असते आणि समोरून ते हुबेहूब डीएसएलआर वाटतात. तिथे पाठीचाच फोटो लागतो. रोलच्या कॅमेऱ्याची पाठ दारासारखी उघडते. तिला एका कडेला बिजागरी असते आणि बऱ्याचदा आतला रोल दिसावा म्हणून उभी अरुंद खिडकी.

भुसावळच्या कॅमेऱ्याच्या पाठीवर तीन इंची पडदा होता, बाजूला बाणांची बटणं आणि कचरापेटीचं चिन्ह. विकणाऱ्याने डीएसएलआर म्हटलं होतं ते बरोबर निघालं. तो "एकदम चालू" आहे की नाही, ते मात्र हातात घेऊन, शटर दाबूनच कळेल.